रेषा उशिरा का वळते

२३ मार्च २०२० चा सोमवार शेअर बाजाराशी थोडाफार संबंध असलेल्या कुणाच्याही लक्षात असेल. पहिल्या तासातच निफ्टी दहा टक्के कोसळला, सर्किट लागले, पंचेचाळीस मिनिटे कामकाज थांबले आणि दिवसअखेर निर्देशांक तेरा टक्के खाली, ७६१० वर बंद झाला. त्याच दिवशी अमेरिकेतला एस अँड पी ५०० हा निर्देशांक २२३७ वर बंद झाला. तो तळ होता हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. पण तिथून दोन्ही बाजार वर निघाले ते निघालेच.

आठवडाभराने, ३० मार्चला, एस अँड पीच्या आलेखावर 'डेथ क्रॉस' झाला. पन्नास दिवसांच्या सरासरीची रेषा दोनशे दिवसांच्या सरासरीच्या रेषेला वरून खाली छेदून गेली. बाजाराच्या भाषेत ही विक्रीची खूण. त्या दिवशी निर्देशांक २६२६ वर होता, म्हणजे तळापासून सतरा टक्के वर येऊन बसला होता. पुढे ९ जुलैला त्याच दोन रेषा उलट्या दिशेने छेदल्या, 'गोल्डन क्रॉस' झाला, खरेदीची खूण मिळाली. तेव्हा निर्देशांक ३१५२ वर. या दोन खुणा पाळून कुणी विकले आणि परत घेतले असेल, तर त्याने २६२६ ला दिलेली वस्तू वीस टक्के जास्त मोजून ३१५२ ला परत आणली.

अशा वेळी दोष बहुतेकदा दिवसांच्या निवडीला दिला जातो. पन्नास-दोनशेऐवजी वीस-पन्नास घेतले असते तर? साध्या सरासरीऐवजी दुसऱ्या प्रकारची घेतली असती तर? मला वाटते, असे प्रश्न पडतात कारण ही सरासरी आपण सहसा स्वतःच्या हाताने काढलेलीच नसते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बोट लावले की रेषा येते. एकदा वहीत काढून पाहिली, की उशीर कुठून येतो ते डोळ्यांसमोर दिसते. तीच बेरीज इथे करून पाहू.

एका शेअरचे रोजचे बंद भाव समजा असे आहेत: ११०, १०८, १०६, १०४, १०२, १००, आणि मग १०२, १०४, १०६, १०८, ११०. रोज दोन रुपयांनी उतरला, शंभरला टेकला, रोज दोन रुपयांनी चढला. खरा बाजार इतका शिस्तीत कधी चालत नाही, पण समजून घ्यायला हा नमुना बरा, कारण तळ नेमका कुठे आहे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे.

पाच दिवसांची सरासरी काढायची म्हणजे शेवटच्या पाच बंद भावांची बेरीज करून पाचाने भागायचे. उद्या नवा भाव आला की तो आत घ्यायचा आणि सर्वांत जुना बाहेर काढायचा. सरासरी 'चालते' ती एवढ्याच अर्थाने. संगणकावरच्या तक्त्यात बंद भाव B स्तंभात दुसऱ्या ओळीपासून लिहिलेले असतील, तर सहाव्या ओळीत शेजारी इतकेच लिहायचे आणि ते खाली ओढत न्यायचे:

```
=AVERAGE(B2:B6)
```

आता तळ होऊन चार दिवस झाले आहेत आणि भाव १०८ आहे अशी कल्पना करा. शेवटचे पाच भाव १००, १०२, १०४, १०६, १०८. बेरीज ५२०, सरासरी १०४. दहा दिवसांच्या सरासरीत याच पाचांबरोबर त्याआधीचे ११०, १०८, १०६, १०४, १०२ हेही येतात. बेरीज १०५०, सरासरी १०५. छोटी सरासरी अजून मोठीच्या खाली आहे, म्हणजे रेषांच्या हिशेबाने मंदी संपलेली नाही.

पाचव्या दिवशी भाव ११०. पाच दिवसांच्या खिडकीतून १०० गेले आणि ११० आले, सरासरी १०६ झाली. दहा दिवसांच्या खिडकीतून उतरणीचे ११० गेले आणि चढणीचे ११० आले. बेरीज तीच, सरासरी १०५ वर तशीच. छोटी रेषा मोठीच्या वर गेली, खरेदीची खूण मिळाली. पण भाव तोवर शंभराचा एकशेदहा झालेला आहे.

या छोट्याशा हिशेबात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे, पाचव्या दिवशी भाव ११० असताना पाच दिवसांची सरासरी १०६ निघाली. भाव १०६ केव्हा होता? दोन दिवसांपूर्वी. भाव एका चालीने चढत किंवा उतरत असेल, तर सरासरी नेहमी खिडकीच्या मधल्या दिवसाचा भाव सांगते. पाच दिवसांची सरासरी दोन दिवसांपूर्वीचा भाव दाखवते, पन्नास दिवसांची साडेचोवीस दिवसांपूर्वीचा आणि दोनशे दिवसांची साडेनव्याण्णव दिवसांपूर्वीचा. दिवसांतून एक वजा करून दोनाने भागले की हा आकडा मिळतो. सरासरी असते मधल्या दिवसाची, आणि आलेखावर आपण ती टिंबाटिंबाने मांडतो शेवटच्या दिवसाच्या डोक्यावर. उशिराचे मूळ इथे आहे. यात कुणाची चूक नाही, भागाकाराचा तो स्वभावच आहे.

मग ती मधल्या दिवसावरच का मांडू नये? मांडता येते. अनेक वर्षांच्या तापमानाचा किंवा पावसाचा कल पाहणारे संख्याशास्त्रज्ञ तशीच मांडतात, आणि त्यांच्या आलेखावर सरासरीची रेषा मूळ आकड्यांच्या अंगावरून नेमकी जाते, मागे रेंगाळत नाही. पण तशी मांडली की रेषा आजपर्यंत पोहोचतच नाही. दोनशे दिवसांची सरासरी मधोमध मांडली तर शेवटचे शंभर दिवस कोरे राहतात. हवामानाच्या अभ्यासकाला ते चालते, त्याला काल घेतलेले आज विकायचे नसते. शेअर घेणाऱ्याला मात्र त्या कोऱ्या भागाशीच कर्तव्य असते.

दुसरी गोष्ट त्या दहा दिवसांच्या सरासरीत आहे. पाचव्या दिवशी भाव दोन रुपयांनी वाढला तरी ती जागची हलली नाही. सरासरी वर जाणार की खाली, हे आजच्या भावाइतकेच आज बाहेर पडणाऱ्या जुन्या भावावर अवलंबून असते. नवा भाव वजा जुना भाव, भागिले दिवस, एवढाच तिचा रोजचा बदल. दोनशे दिवसांची रेषा आज चढली याचा अर्थ आजचा भाव दोनशे दिवसांपूर्वीच्या भावापेक्षा जास्त आहे, इतकाच. मधल्या एकशे नव्याण्णव दिवसांनी काय केले त्याचा त्या दिवसाच्या बदलाशी संबंध नाही.

२०२० मध्ये हे ठसठशीत दिसले. २३ मार्चचा तो २२३७ चा बंद भाव एस अँड पीच्या पन्नास दिवसांच्या खिडकीत बरोबर पन्नास व्यवहाराचे दिवस राहिला आणि ३ जूनला बाहेर पडला. त्या दिवशी निर्देशांक ३१२० च्या थोडा वर बंद झाला. म्हणजे एका दिवसात सरासरी सतरा-अठरा अंकांनी उचलली गेली. ३ जूनला काही मोठी घडामोड झाली म्हणून हे झाले नाही. मार्चमधला सर्वांत वाईट दिवस हिशेबातून निघून गेला म्हणून झाले. आदल्या-पुढल्या दिवसांतही असेच पडझडीचे दिवस एकामागून एक बाहेर पडत होते आणि रेषा झपाट्याने वर येत होती. आलेखावर जूनमधली तेजी म्हणून जे दिसत होते, त्यात मार्चच्या जाण्याचा वाटा मोठा होता.

आता दोन रेषांच्या छेदाकडे येऊ. एका रेषेचा उशीर समजला, पण छेद त्याहून उशिरा येतो, आणि त्याचे कारण थोडे वेगळे आहे.

समजा एखादा शेअर कित्येक दिवस शंभरावरच बसून आहे. दोन्ही सरासऱ्या शंभर. आज तो एकदम दहा रुपयांनी उसळला आणि पुढे एकशेदहावरच थांबला. आज पाच दिवसांची सरासरी दोन रुपयांनी वाढेल, दहा दिवसांची एक रुपयाने. दोन रेषांमध्ये अंतर पडले फक्त एका रुपयाचे. उद्या दोन रुपये, परवा तीन. पाचव्या दिवशी छोटी सरासरी पूर्ण एकशेदहाला पोहोचते, मोठी एकशेपाचला, आणि अंतर पाच रुपये होते. तिथून ते पुन्हा कमी व्हायला लागते, कारण मोठी सरासरी अजून वर येत असते. दहाव्या दिवशी दोन्ही एकशेदहावर आणि अंतर शून्य.

म्हणजे ज्या दिवशी उसळी आली त्या दिवशी रेषांमधल्या अंतरावर तिचा परिणाम सर्वांत कमी असतो आणि छोट्या सरासरीचे दिवस भरले की सर्वांत जास्त. हाच हिशेब पन्नास-दोनशेला लावा. आज शंभर अंकांची उसळी आली तर पन्नासची सरासरी दोन अंकांनी वाढते, दोनशेची अर्ध्या अंकाने, अंतर पडते दीड अंकाचे. तीच उसळी टिकली तर पन्नासाव्या दिवशी पन्नासच्या सरासरीत ती शंभर अंकांची असते, दोनशेच्या सरासरीत पंचवीस अंकांची, आणि अंतर पंचाहत्तर. दीड आणि पंचाहत्तर. आजच्या घटनेपेक्षा दहा आठवड्यांपूर्वीच्या घटनेला छेदाच्या हिशेबात पन्नासपट वजन. वर्तमानपत्रात 'आज गोल्डन क्रॉस झाला' असे छापून येते तेव्हा 'आज' हा शब्द छेदाला लागू असतो. ज्याने छेद घडवला ते बहुतांशी मागेच होऊन गेलेले असते.

किती मागे, याचाही अंदाज काढता येतो. भाव ज्या चालीने उतरला त्याच चालीने चढला, आणि उतरण पुरेशी लांब होती असे धरले, तर पन्नास-दोनशेचा छेद तळानंतर अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी येतो. २०२० मध्ये २३ मार्च ते ९ जुलै हे व्यवहाराचे दिवस मोजले तर पंचाहत्तर भरतात. आकडे इतके जवळ आले यात योगायोगाचाही भाग आहे, कारण त्या वेळची पडझड उभ्या कड्यासारखी होती आणि चढण तिच्यापेक्षा सावकाश. पण तळानंतर तीन-साडेतीन महिने जाणार, हे गणित आधीच सांगत होते.

उतरताना मात्र तेवढा वेळ लागला नाही. १९ फेब्रुवारीला ३३८६ वर शिखर झाले आणि अठ्ठावीस दिवसांतच डेथ क्रॉस झाला. घसरण जितकी खडी, तितक्या लवकर नवे भाव जुन्यांवर मात करतात, म्हणून दिवस कमी लागतात. मात्र त्या थोड्या दिवसांतच भाव खूप अंतर कापून गेलेला असतो. त्या अठ्ठावीस दिवसांत निर्देशांक चौतीस टक्के पडूनही झाला होता आणि परत फिरलाही होता. म्हणून उशीर दिवसांत मोजण्यापेक्षा टक्क्यांत मोजावा, असे मी म्हणेन. खिशाला तोच कळतो.

उशीर नको असेल तर दिवस कमी करावेत, हा सरळ उपाय वाटतो. तो लागू पडतो, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आपल्या पहिल्या नमुन्याकडे परत जाऊ. शंभराच्या तळानंतर पाचव्या दिवशी ११० ला खरेदीची खूण मिळाली. समजा हा शेअर सातव्या दिवशी ११४ वर गेला आणि तिथून रोज दोन रुपयांनी उतरू लागला. शिखरानंतर चौथ्या दिवशी पाचची सरासरी ११० आणि दहाची १०९, अजून तेजीच. पाचव्या दिवशी पाचची १०८, दहाची १०९, विक्रीची खूण. भाव? १०४. चौदा रुपयांची चढण झाली, तिची खूणही मिळाली, आणि तरी हातात आला सहा रुपयांचा तोटा. वर दलाली आणि कर वेगळे.

असे का झाले? आत शिरताना पाच दिवस म्हणजे दहा रुपये गेले, बाहेर पडताना तेवढेच. चढण वीस रुपयांहून मोठी असेल तरच इथे काही हाती लागते, आणि लागते ते वीसच्या वरचे. छेदाच्या पद्धतीचे सगळे अर्थकारण या एका वजाबाकीत आहे. ज्या बाजारात भाव थोडा वर, थोडा खाली असा एकाच पट्ट्यात फिरत राहतो, तिथे प्रत्येक हेलकावा उशिरापेक्षा लहान असतो, आणि ही पद्धत वर घ्यायला आणि खाली विकायला लावते, पुन्हा पुन्हा. बाजारातले लोक याला व्हिपसॉ म्हणतात. दिवस कमी केले की उशीर घटतो, पण छेदांची संख्या वाढते आणि त्यांत खोट्या खुणा जास्त असतात, कारण छोटी खिडकी दोन दिवसांच्या गडबडीलाही कल समजते. आलेखावर ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही रेषा आडव्या आणि एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या, की तिथल्या छेदांना फारसा अर्थ नसतो.

दुसरा उपाय सुचवला जातो तो घातांकी सरासरीचा, ज्याला सगळे ईएमए म्हणतात. यात जुना भाव एकदम बाहेर टाकत नाहीत. कालची सरासरी घ्यायची, आजचा भाव तिच्यापासून किती दूर आहे ते पाहायचे आणि त्या अंतराचा ठरावीक वाटा कालच्या सरासरीत मिळवायचा. दहा दिवसांच्या ईएमएसाठी हा वाटा दोन भागिले अकरा. भाव अकरा रुपयांनी उसळला तर ईएमए त्याच दिवशी दोन रुपयांनी सरकते, साधी सरासरी एक रुपया दहा पैशांनी. अचानक धक्क्याला ती लवकर प्रतिसाद देते हे खरे, आणि जुना वाईट दिवस खिडकीतून पडल्यामुळे रेषा उगाच उचलली जाण्याचा प्रकार तिच्यात नाही, हा मोठा गुण. पण भाव एका चालीने चढत असेल तर काही काळाने दहा दिवसांची ईएमएही साडेचार दिवसच मागे असते, साध्या सरासरीइतकीच. ते दोन भागिले अकरा हे माप बसवलेलेच असे आहे की दोघींतल्या भावांचे सरासरी वय सारखे यावे.

मग हे वापरायचेच कशाला? न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. एस अँड पीने ऑक्टोबर २००७ मध्ये १५६५ चे शिखर केले. डेथ क्रॉस झाला डिसेंबरच्या उत्तरार्धात, निर्देशांक १४८० च्या आसपास असताना. पुढे लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर हाहाकार झाला आणि ९ मार्च २००९ ला निर्देशांक ६७६ वर आला. गोल्डन क्रॉस झाला त्या वर्षीच्या जूनच्या उत्तरार्धात, तळानंतर पुन्हा साधारण पंचाहत्तर व्यवहाराच्या दिवसांनी, ९०० च्या जवळपास. शिखर हुकले, तळही हुकला. तरीही १४८० ला विकलेले ९०० ला परत मिळाले. उशीर २०२० इतकाच होता, पण घसरण दीड वर्ष चालली, म्हणून दोन्ही टोकांचा उशीर वजा होऊनही मधला मोठा तुकडा उरला. २०२० मध्ये सगळी घसरण पाच आठवड्यांत आटोपली आणि मधला तुकडा उरलाच नाही. चाल लांब निघणार की आखूड, हे छेदाच्या दिवशी रेषा सांगू शकत नाहीत. त्यांच्यात फक्त होऊन गेलेले भाव असतात.

आणखी एक उशीर आहे, तो आलेखावर दिसतच नाही आणि जुन्या भावांवर पद्धत तपासून पाहणारे बरेच जण तो विसरतात. सरासरी बंद भावाची असते. दुपारी एक वाजता रेषा छेदलेल्या दिसल्या तरी साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत तो छेद टिकेल याची खात्री नसते. शेवटच्या अर्ध्या तासात भाव खाली आला की छेद नाहीसा होतो, जणू झालाच नव्हता. म्हणजे खूण पक्की होते बाजार बंद झाल्यावर आणि सौदा करता येतो दुसऱ्या दिवशी. तक्त्यात मात्र खूण आणि त्या दिवसाचा बंद भाव एकाच ओळीत असतात, आणि तोच भाव खरेदीचा म्हणून धरण्याचा मोह होतो. खूण ज्या ओळीत आहे तिच्या खालच्या ओळीतला भाव धरायला हवा. आपल्याच नमुन्यात तो धरून पाहा: खरेदी ११० ऐवजी ११२ ला, विक्री १०४ ऐवजी १०२ ला. सहा रुपयांचा तोटा दहावर जातो.